पितळेच्या आत सरकलेल्या तारा: तांबं-पितळ कपलमधला मार्कर आणि त्याच्या शेजारच्या पोकळ्या

डिफ्युजन शिकताना किर्केंडॉलचं नाव सगळ्यांच्या कानावरून जातं, परीक्षेत दोन ओळी लिहून मार्कही मिळतात, पण त्या प्रयोगातले आकडे हातात घेऊन कुणी हिशोब करत नाही. मी स्वतः बरीच वर्षं केला नव्हता. मग एका जोडाच्या तुकड्यात पोकळ्या दिसल्या, त्यांचं कारण लिहून द्यायची वेळ आली तेव्हा मूळ प्रकरण उघडून पहिल्यापासून बसलो, आणि लक्षात आलं की आपण ‘मार्कर सरकला म्हणजे पोकळ्या पडणारच’ असं जे सर्रास बोलतो ते चूक आहे. मार्कर म्हणजे जोडाच्या रेषेवर खुणेसाठी ठेवलेली बारीक तार. तिचं सरकणं आणि पोकळ्या पडणं, दोन्हीचं मूळ एकच, पण एक झालं की दुसरं होतंच असं नाही. तेच इथे एका प्रकरणावरून नीट मांडतो.

प्रकरण 1947 चं. अमेरिकेत डेट्रॉइटच्या वेन युनिव्हर्सिटीत अर्नेस्ट किर्केंडॉल आणि त्यांची विद्यार्थिनी अ‍ॅलिस स्मिगेल्स्कस यांनी एक साधी कांडी घेतली, 70-30 पितळेची, म्हणजे 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. तिच्या दोन बाजूंना मॉलिब्डेनमच्या बारीक तारा लावल्या आणि त्यावरून सगळीकडून तांब्याचं जाड प्लेटिंग चढवलं. मॉलिब्डेनमच का, तर ते पितळेत विरघळत नाही आणि 785 अंश सेल्सिअसला त्याला काही होतही नाही, त्यामुळे जिथे ठेवलं तिथली खूण म्हणून ते राहतं, शेतातल्या बांधावरच्या दगडासारखं. सगळीकडून प्लेटिंग करण्याचा अजून एक फायदा असा की जस्त 907 अंशाला उकळतं, 785 ला सुद्धा त्याची वाफ भरपूर असते, उघडं पितळ भट्टीत ठेवलं तर पृष्ठभागावरून जस्त उडून जातं आणि सगळा हिशोब बिघडतो. तांब्याच्या कवचात ते कोंडलं गेलं.

मग ही कांडी 785 अंशाला 56 दिवस ठेवली, मधेमधे तुकडा कापून, पॉलिश करून, समोरासमोरच्या तारांमधलं अंतर मोजलं. अंतर कमी होत गेलं. प्रत्येक बाजूची तार आत, पितळेकडे सरकत होती. 1 दिवसाला 15 मायक्रॉन, 3 दिवसांना 25, 6 दिवसांना 36, 13 ला 56, 28 ला 92 आणि 56 दिवसांना 124 मायक्रॉन. म्हणजे जवळपास दोन महिने भट्टी चालवून एका बाजूला साधारण एक अष्टमांश मिलीमीटर.

हे आकडे एकदा वेळेच्या वर्गमुळाने भागून बघा. पहिल्या दिवसाला 15, सहाव्या दिवशी 36 भागिले 2.45 म्हणजे 14.7, छप्पनाव्याला 124 भागिले 7.48 म्हणजे 16.6. थोडं इकडेतिकडे आहे पण रेघ वर्गमुळाचीच आहे. हे महत्त्वाचं अशासाठी की तार कुठल्या ताणाने, प्लेटिंगच्या आकुंचनाने किंवा भट्टीत गरम-थंड होण्याने सरकली असती तर ती अशी शिस्तीत वर्गमुळाने सरकली नसती. डिफ्युजनचीच ती सही आहे.

तार सरकली त्यात एवढं काय होतं

त्या काळी बहुतेकांची समजूत अशी की घन धातूत शेजारशेजारचे दोन अणू जागा बदलतात, किंवा चारपाच अणू फेर धरल्यासारखे एकत्र फिरतात. तसं असेल तर एक जस्त उजवीकडे गेलं की बदल्यात एक तांबं डावीकडे आलंच पाहिजे. दोघांचा वेग सारखा, एकच डिफ्युजन गुणांक पुरतो, आणि मधली तार जिथल्या तिथे राहते. तार सरकली याचा अर्थच असा की तिच्यावरून एका बाजूला जितके अणू गेले तितके परत आले नाहीत.

एक शंका मात्र रास्त होती आणि ती त्यांनी स्वतःच तपासली. जस्त गेलं की पितळेचा जाळीचा आकार थोडा लहान होतो, शुद्ध तांब्याची जाळी 30 टक्के जस्ताच्या पितळेपेक्षा आखूड असते, मग पितळ आकसल्यामुळेच तार आत आली नसेल कशावरून? हिशोब केल्यावर त्या आकसण्याने जेमतेम एक पंचमांश सरकणं समजावता येतं असं निघालं. उरलेल्या चार पंचमांशाला जस्त तांब्यापेक्षा वेगाने पळतं हे मान्य करण्यावाचून उपाय नव्हता.

पिट्सबर्गच्या कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले रॉबर्ट मेल हे तेव्हाचे फार मोठे धातुशास्त्रज्ञ, त्यांचा यावर विश्वास बसला नाही. पण मला त्यांच्याबद्दल आदरच वाटतो, कारण पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेत दा सिल्वा यांच्याबरोबर वेगवेगळ्या धातूंच्या जोड्या घेऊन हे तपासलं गेलं आणि 1951 मध्ये त्यांनीच छापलं की हो, तार सरकते. आणि शंका घेण्यासारखा आकडा होताच तो. 56 दिवसांत जस्त-तांब्याची सरमिसळ झालेला पट्टा काही मिलीमीटर रुंद झालेला असताना त्यातली तार 0.12 मिलीमीटर सरकली असं कुणी म्हणालं तर आपणही आधी प्लेटिंगकडेच बोट दाखवलं असतं.

डार्कनचा हिशोब, हाताने करून

1948 मध्ये लॉरेन्स डार्कन यांनी यावर गणित बसवलं. दोन धातूंना दोन वेगळे गुणांक द्या, D_Zn आणि D_Cu. तारेचा वेग आणि बाहेरून मोजता येणारा एकत्रित गुणांक हे दोन्ही त्यातून निघतात:

```
v = (D_Zn − D_Cu) · dN_Zn/dx
D = N_Cu · D_Zn + N_Zn · D_Cu
```

यात N म्हणजे तारेच्या जागी त्या धातूचा अणूंमधला वाटा, आणि दुसऱ्या ओळीतला D म्हणजे मॅटानो पद्धतीने जस्ताच्या आलेखावरून काढलेला एकत्रित गुणांक. किर्केंडॉलच्या आकड्यांवरून डार्कन यांना तारेच्या जागी, जिथे जस्त 22.5 टक्के होतं, D_Zn मिळाला 5.1 × 10⁻⁹ आणि D_Cu 2.2 × 10⁻⁹ चौरस सेंमी प्रति सेकंद. म्हणजे जस्त तांब्याच्या साधारण 2.3 पट वेगवान.

आता हे खरंच जुळतं का ते उलट बाजूने बघू, मी हे कागदावर केलं तेव्हा फार समाधान वाटलं होतं म्हणून पूर्णच देतो. 56 दिवस म्हणजे 48.4 लाख सेकंद. अंतर वर्गमुळाने वाढतं म्हणून शेवटच्या क्षणी वेग म्हणजे अंतर भागिले दुप्पट वेळ, 0.0124 सेंमी भागिले 96.8 लाख, आलं 1.28 × 10⁻⁹ सेंमी प्रति सेकंद. दिवसाला 1.1 मायक्रॉन. वरच्या मोजमापात 28 ते 56 दिवस यामध्ये तार 32 मायक्रॉन गेली, म्हणजे दिवसाला 1.14, ठीक. दोन गुणांकांतला फरक 2.9 × 10⁻⁹, त्याने वेगाला भागलं की जस्ताचा उतार हवा 0.44 प्रति सेंमी. आणि साध्या एरर फंक्शनने, एकत्रित D 4.5 × 10⁻⁹ धरून, एका बाजूला 30 टक्के आणि दुसऱ्या बाजूला शून्य घेतलं तर 22.5 टक्क्यांच्या जागी उतार येतो सुमारे 0.46. खरं तर D हा जस्ताच्या प्रमाणाबरोबर बराच बदलतो त्यामुळे हे ढोबळच आहे, तरी 0.44 आणि 0.46 म्हणजे हिशोब एकाच घरातला आहे हे कळतं.

मग पोकळ्या कुठून येतात

जस्ताचे अणू पितळेतून तांब्यात जास्त गेले, तांब्याचे कमी परत आले. अणू जागा बदलतात ते शेजारी रिकामी जागा असेल तेव्हा, आपण तिला व्हेकन्सी म्हणतो. म्हणजे अणूंचा जेवढा निव्वळ ओघ तांब्याकडे, तेवढाच व्हेकन्सींचा ओघ उलट, पितळेकडे. बसमधून दहा माणसं उतरली आणि चारच चढली तर सहा सीट रिकाम्या राहिल्या, तसं. आता प्रश्न एवढाच की त्या सहा सीटचं पुढे होतं काय.

दोन गोष्टी होऊ शकतात आणि सगळं प्रकरण इथेच आहे. पहिली, पितळेतल्या डिसलोकेशनच्या, म्हणजे जाळीत मधेच संपलेल्या अर्ध्या प्रतलांच्या कडांवर, ग्रेनच्या सीमांवर त्या व्हेकन्सी जाऊन संपतात. डिसलोकेशनच्या अर्ध्या प्रतलाच्या काठावरचा एक अणू जाऊन तिथे व्हेकन्सी बसली की ते प्रतल तेवढं आखूड झालं, असं होत होत पूर्ण प्रतलं नाहीशी होतात. तांब्याच्या बाजूला बरोबर उलट, तिथे नवीन प्रतलं उभी राहतात. पितळेच्या बाजूची प्रतलं कमी झाली म्हणून तार पितळेकडे सरकली. म्हणजे तार सरकणं हा व्हेकन्सी नीट संपल्याचा पुरावा आहे.

दुसरी, संपायला पुरेशा जागा नसल्या, किंवा व्हेकन्सी इतक्या वेगाने आल्या की संपवणाऱ्यांना पेलल्या नाहीत, तर त्या साचतात, आणि कुठे आधार मिळाला की एकत्र येऊन पोकळी करतात. आधार हा शब्द मुद्दाम वापरतोय. शुद्ध, स्वच्छ जाळीत नुसत्या साचलेल्या व्हेकन्सींनी आपोआप पोकळी सुरू होणं फार अवघड असतं, नवीन पृष्ठभाग तयार करायला ऊर्जा लागते आणि साचणं प्रत्यक्षात तेवढं जास्त कधी होत नाही. ऑक्साइडचा कण, प्लेटिंगमध्ये अडकलेली घाण, आधीपासूनचं गॅसचं बारीक छिद्र, असं काहीतरी आधीच असलं की तिथून पोकळी वाढते.

म्हणून माझ्या मते याकडे जमाखर्चासारखं बघावं. ओलांडून आलेल्या एकूण व्हेकन्सी ही जमा, ती दोन गुणांकांच्या फरकाने ठरते. खर्च दोन ठिकाणी, प्रतलं नाहीशी करण्यात किंवा पोकळ्यांत. किर्केंडॉलच्या कपलमध्ये समजा सगळ्या व्हेकन्सी पहिल्या वाटेने संपल्या तर तार 124 मायक्रॉन जाईल. त्यातल्या दहा टक्के पोकळ्यांत गेल्या तर तार 112 वरच थांबेल आणि उरलेल्या 12 मायक्रॉन जाडीइतकी रिकामी जागा पितळेच्या बाजूला पसरेल. ती एक मिलीमीटर रुंदीच्या पट्ट्यात पसरली तर तिथली सच्छिद्रता झाली 1.2 टक्के. वाचायला किरकोळ वाटतं पण मायक्रोस्कोपखाली 1.2 टक्के म्हणजे काळ्या ठिपक्यांची ठसठशीत माळ दिसते.

आणि इथे डार्कनच्या समीकरणाची मर्यादा उघडी पडते. त्यात गृहीतच धरलंय की व्हेकन्सी सगळीकडे समतोलात आहेत, एकही पोकळी नाही. पोकळ्या पडलेल्या कपलमध्ये तुम्ही तार मोजून तेच समीकरण वापरलं तर? वरचंच उदाहरण घ्या, तार दहा टक्के कमी सरकलेली दिसली म्हणजे गुणांकांतला फरक 2.9 ऐवजी 2.6 येईल. एकत्रित D 4.45 तोच ठेवला तर D_Zn येतो 5.04, म्हणजे जवळपास तोच, पण D_Cu 2.2 चा 2.43 होतो. चूक जवळजवळ सगळी हळू पळणाऱ्या धातूच्या माथी बसते, दहा टक्क्यांची, आणि गुणोत्तर 2.3 वरून 2.1 वर येतं. तुमच्या आकड्यांत हळू धातू विनाकारण वेगवान दिसत असेल तर आधी तुकड्यात पोकळ्या बघा.

तुकड्यात ओळखायचं कसं

पितळ-तांब्याचा तुकडा पॉलिश करताना मी जी चूक केली ती सांगतो, कारण ती बरेच जण करतात. पितळ मऊ, 1 मायक्रॉनच्या डायमंड पेस्टपर्यंत नेलं, आरशासारखं झालं, मायक्रोस्कोपखाली एकही पोकळी नाही. मी खुश. मग एका सीनियरने तोच तुकडा रसायनाने हलका एचिंग करून परत पॉलिश करायला लावला, असं तीनदा, आणि प्रत्येक फेरीला एकेक करत काळे गोल उघडत गेले. धातू पोकळीच्या तोंडावर लेपासारखा ओढला गेला होता, नुसता झाकलेला. शेवटी कोलॉइडल सिलिकावर बराच वेळ सावकाश फिरवल्यावर खरं चित्र दिसलं. तार दिसत होती, तिच्या एका बाजूला तांब्याचा गुलाबी रंग हळूहळू पिवळा होत आलेला, आणि पोकळ्या तारेच्या रेषेवर नाहीत, तिच्यापासून जरा आत, पितळेच्या बाजूला, एक विरळ पट्टा करून.

ही जागाच सगळ्यात मोठी खूण आहे. पोकळ्या बरोबर जोडाच्या रेषेवर रांगेत असतील तर आधी संशय प्लेटिंगवर घ्या, पृष्ठभाग नीट साफ नव्हता किंवा चिकटलं नाही. बाहेरच्या पृष्ठभागालगत असतील तर जस्त उडालेलं असेल. प्लेट केलेल्या तांब्यात पसरलेल्या असतील तर प्लेटिंगमधला गॅस. असमान वेगाच्या पोकळ्या वेगवान धातू जिथून निघून गेला त्या बाजूलाच येतात, पितळ-तांब्यात पितळेकडे, तांबं-निकेलमध्ये तांबं वेगवान म्हणून तांब्याकडे. आणि त्या वेळेबरोबर वाढतात, म्हणून एकच तुकडा बघून निकाल देऊ नये, निदान दोन वेळांचे हवेत. अजून एक सोपी तपासणी म्हणजे त्याच प्लेटिंगचं तांबं पितळेऐवजी तांब्याच्याच कांडीवर चढवून त्याच भट्टीत तेवढाच वेळ ठेवायचं. तिथे ओघच नाही, दोन्हीकडे तांबंच. तरीही पोकळ्या आल्या तर त्या प्लेटिंगमधल्या आहेत, त्यात किर्केंडॉलला आणू नका.

मी पहिल्यांदा उल्लेख केला तो जोड सोल्डरचा होता, कथील आणि तांब्याचा. तिथे Cu₆Sn₅ आणि तांब्यालगत Cu₃Sn असे दोन थर तयार होतात आणि गरम जागी महिनोन्महिने राहिलं की Cu₃Sn आणि तांब्याच्या सीमेजवळ बारीक पोकळ्यांची रांग येते. Cu₃Sn मध्ये तांबं कथलापेक्षा वेगाने पळतं, त्यामुळे व्हेकन्सी तांब्याच्या बाजूला येतात, इथपर्यंत पुस्तकाप्रमाणे. पण त्याच सोल्डरखाली रोल केलेलं, ऑक्सिजनविरहित शुद्ध तांबं वापरलं तर पोकळ्या फार कमी येतात, आणि काही विशिष्ट अ‍ॅडिटिव्ह घातलेल्या बाथमधून प्लेट केलेल्या तांब्यावर त्या भरमसाठ येतात. गुणांकांतला फरक दोन्हीकडे जवळपास तोच. बदललं काय, तर प्लेटिंगच्या बाथमधली गंधकासारखी अशुद्धी तांब्यात अडकली आणि तिने पोकळीला आधार दिला. आमच्या रिपोर्टच्या पहिल्या मसुद्यात मी ‘किर्केंडॉल इफेक्टमुळे पोकळ्या’ असं एक वाक्य लिहून मोकळा झालो होतो. ते वाक्य खोटं नव्हतं पण त्याने प्लेटिंगवाल्याला काय बदलायचं ते कळत नव्हतं. नंतर ते खोडून लिहिलं की व्हेकन्सींचा ओघ या जोडीत असणारच, तो थांबवता येणार नाही, पोकळी सुरू होण्याची ठिकाणं प्लेटिंगमधून आली आहेत, बाथ तपासा.

दोन वाटा वेगळ्या आहेत याची अजून स्वच्छ साक्ष तांबं-निकेलच्या कपलवर मिळालेली आहे, तिथे बाहेरून सगळीकडून सारखा गॅसचा दाब देऊन गरम केलं तर पोकळ्या येतच नाहीत. दाबामुळे पोकळी उघडून ठेवणं महाग होतं, म्हणून व्हेकन्सी मुकाट डिसलोकेशनकडे वळतात. एवढ्याशा दाबाने तांबं आणि निकेलचे गुणांक मात्र फारसे हलत नाहीत, त्यामुळे ओलांडून येणाऱ्या व्हेकन्सी तेवढ्याच, फक्त त्यांचा सगळा खर्च आता प्रतलं मिटवण्यात होतो आणि मार्करला सरकायचं तेवढं तो सरकतोच.